बिलाचा फोटो, वस्तूंच्या ओळी आणि खर्चाचे वर्ग

महिनाअखेरीस बँकेचं स्टेटमेंट उघडलं की सुपरमार्केटच्या नावापुढे एकच आकडा दिसतो, समजा १८२३ रुपये. बहुतेक घरांत तो डोळे झाकून ‘किराणा’ या खात्यात जातो. पण त्या पिशवीत तूरडाळ होती तसाच अंगाचा साबण होता, मुलांच्या वह्या होत्या, बिस्किटं होती. किराण्याचा खर्च वाढला म्हणून आपण डाळ-तांदळाकडे संशयाने बघतो आणि वाढलेलं असतं भलतंच काही. खरा हिशेब बँकेकडे नसतो, तो दुकानदाराने दिलेल्या त्या लांब कागदावर असतो. कागदावरची प्रत्येक ओळ सुटी करून, तिला खर्चाचा वर्ग देऊन बेरीज केली की पैसे कुठे गेले ते कळतं. हल्ली त्यासाठी सगळं हाताने टाइप करावं लागत नाही. फोनने बिलाचा फोटो काढायचा, फोटोतला मजकूर उचलायचा आणि स्प्रेडशीटमध्ये टाकायचा. हे काम नीट करायचं तर फोन कुठे चुकतो आणि ती चूक कशी पकडायची, एवढं पक्कं माहीत हवं.

सुरुवात कागदापासून करू. सुपरमार्केटचं बिल बहुधा थर्मल कागदावर येतं. त्यात शाई नसते. कागदावरच एक रसायनाचा थर असतो आणि प्रिंटरचं गरम डोकं जिथे टेकतं तिथे तो काळा पडतो. म्हणून असं बिल उन्हात, गाडीच्या काचेखाली किंवा प्लास्टिकच्या पाकिटात राहिलं की एकतर सगळं काळवंडतं किंवा अक्षरं उडून जातात. बिल घरी आलं त्याच दिवशी फोटो काढावा. घडी हाताने सपाट करून, बिल गडद टेबलावर किंवा चादरीवर ठेवून, खिडकीच्या उजेडात फोन बरोबर वरून धरावा. फ्लॅश वापरू नये, कारण कागद गुळगुळीत असल्याने मधोमध पांढरा डाग पडतो आणि नेमके आकडे त्या डागाखाली जातात. बिल लांब असेल तर दोन फोटो काढावेत. त्यात दोन-तीन ओळी सामाईक राहू द्याव्यात आणि नंतर दुबार आलेल्या ओळी काढून टाकाव्यात. बिलावर आपला मोबाइल नंबर असतो, तो भाग फोटोतून कापलेला बरा.

आता मजकूर उचलणं. अँड्रॉइड फोनवर गूगल लेन्स हे काम करतं. आयफोनच्या फोटोतला मजकूर बोट दाबून थेट निवडता येतो. एक्सेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये `Data from Picture` नावाची सोय आहे. ती फोटोतला तक्ता थेट चौकटींत भरते आणि शंकास्पद चौकटी आपल्याला तपासायला दाखवते. साधन कोणतंही घ्या, आतलं काम साधारण सारखंच चालतं. फोटोत मजकूर कुठे कुठे आहे ते आधी शोधलं जातं, मग त्याचे गट आणि ओळी पाडल्या जातात आणि शेवटी अक्षरं ओळखली जातात.

या क्रमातच पहिली अडचण आहे. बिलात वस्तूचं नाव डावीकडे आणि रक्कम पार उजवीकडे असते, मध्ये मोकळी जागा. प्रोग्रामला वाटतं की हे दोन वेगळे गट आहेत. मग कॉपी केलेल्या मजकुरात आधी सगळी नावं येतात आणि त्यानंतर सगळ्या रकमा. यात फारसं बिघडत नाही. नावं एका स्तंभात चिकटवायची, रकमा दुसऱ्यात. खरी कटकट होते ती लांब नावांमुळे. नाव दोन ओळींवर गेलं की नावांच्या स्तंभात एक ओळ जास्त होते आणि तिथून खाली सगळं एका घराने सरकतं. मग डाळीपुढे तेलाची किंमत, तेलापुढे साखरेची. चिकटवल्या चिकटवल्या शेवटची ओळ पाहावी. शेवटच्या नावापुढे शेवटची रक्कम नसेल तर मध्ये कुठेतरी नाव तुटलेलं आहे.

दुसरी अडचण आकड्यांची आहे आणि ती जास्त गंभीर आहे. `SUGAR` मधलं एखादं अक्षर पुसट असलं तरी प्रोग्राम आजूबाजूच्या अक्षरांवरून शब्द सावरून घेतो, कारण असा शब्द असतो हे त्याला ठाऊक असतं. `187` आणि `181` यांतलं खरं कोणतं हे मात्र आजूबाजूच्या अंकांवरून कळायला काही मार्गच नाही. दोन्ही आकडे सारखेच शक्य आहेत. म्हणून नावात चूक झाली तर ती डोळ्यांना लगेच खुपते आणि आकड्यात झाली तर तो आकडा साळसूदपणे चौकटीत बसून राहतो.

पण बिल हा असा कागद आहे की त्याची तपासणी त्याच्यातच असते. प्रत्येक ओळीत नग किंवा वजन, दर आणि रक्कम अशा तीन गोष्टी असतात. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसरी असते. सगळ्या रकमांची बेरीज खाली छापलेली असते. बरीच दुकानं वस्तूंची संख्याही छापतात. फोनने एक आकडा चुकवला की यांतलं काहीतरी जुळेनासं होतं. ही तपासणी स्प्रेडशीटकडे सोपवली की प्रत्येक आकडा बिलाशी पडताळत बसावं लागत नाही.

उदाहरणासाठी एक मासलेवाईक बिल घेऊ. रचना सुपरमार्केटच्या बिलासारखीच आहे.

```
TUR DAL 1KG       2      142.00   284.00
WHEAT ATTA 5KG    1      235.00   235.00
RICE LOOSE        3.240   58.00   187.92
GNUT OIL 1L       2      189.00   378.00
SUGAR LOOSE       1.985   44.00    87.34
ONION             2.130   32.00    68.16
TOMATO            0.865   40.00    34.60
DET PWDR 1KG      1      118.00   118.00
BATH SOAP 4X125   1      156.00   156.00
BISCUIT 250G      3       38.00   114.00
NOTEBOOK 172P     4       45.00   180.00
DISC DET PWDR                     -20.00
ROUND OFF                          -0.02
Items: 11              TOTAL     1823.00
```

गूगल शीट्समध्ये पहिल्या ओळीत शीर्षकं घालावीत: `A` मध्ये तारीख, `B` मध्ये वस्तू, `C` मध्ये नग किंवा वजन, `D` मध्ये दर, `E` मध्ये रक्कम. `F` वर्गासाठी आणि `G` तपासणीसाठी ठेवावा. वस्तू दुसऱ्या ओळीपासून बाराव्यापर्यंत येतील, सवलत तेराव्या ओळीत आणि पैशांचा पूर्णांक करणारी `ROUND OFF` चौदाव्यात. या शेवटच्या दोन ओळी गाळायच्या नाहीत, नाहीतर बेरीज कधीच जुळणार नाही. बिलाच्या तळाशी असलेली दोन कोष्टकं मात्र उचलायची नाहीत. एक जीएसटीचं, कारण दुकानातल्या छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. दुसरं ‘तुमची बचत’ सांगणारं. तो एमआरपी आणि दुकानाचा दर यांतला फरक असतो आणि रकमेतून तो आधीच वजा झालेला असतो. त्याच कारणाने बिलात एमआरपी आणि दर असे दोन स्तंभ असतील तर `D` मध्ये दर घ्यायचा.

समजा फोनने या बिलात तीन चुका केल्या. तूरडाळीच्या `284.00` मधल्या शेवटच्या दोन शून्यांऐवजी इंग्रजी ओ अक्षर वाचलं. टोमॅटोच्या `34.60` मधला टिंब पुसट होता, त्याचे `3460` झाले. आणि सवलतीच्या आकड्यापुढची बारीक आडवी रेघ दिसलीच नाही, म्हणून उणे वीसचे अधिक वीस झाले. आता `SUM` केलं तर उत्तर येतं ५००४ रुपये ४० पैसे आणि बिलावर आहेत १८२३. एवढा फरक कोणालाही दिसेल, पण तो कुठून आला ते बेरीज सांगत नाही. त्यासाठी `G2` मध्ये हे सूत्र लिहायचं आणि खालपर्यंत ओढायचं:

```
=IF(ABS(ROUND(C2*D2,2)-E2)>0.05,"पाहा","")
```

नग गुणिले दर यातून रक्कम वजा केली आणि फरक पाच पैशांहून जास्त निघाला तर ‘पाहा’ असा शब्द उमटतो. पाच पैशांची सूट अशासाठी की सुट्या मालाच्या वजनात पैशांची थोडी मागेपुढे होते आणि त्यासाठी धावपळ नको. आपल्या उदाहरणात टोमॅटोच्या ओळीत ‘पाहा’ येईल, कारण ०.८६५ किलो गुणिले ४० म्हणजे ३४.६०. तूरडाळीच्या ओळीत तर `#VALUE!` असं लाल निशाणच येईल, कारण त्या चौकटीत संख्या उरलेलीच नाही, अक्षरं आहेत. या दोन ओळी बिल पाहून दुरुस्त केल्या की बेरीज १८६३ वर येते. अजून चाळीस रुपये जास्त.

सवलतीच्या ओळीला नग नसतो, दर नसतो. तिथे ‘पाहा’ नेहमीच दिसणार, त्यावरून चिन्ह चुकलंय की नाही हे कळत नाही. इथे जुन्या हिशेबनीसांची एक युक्ती उपयोगी पडते. फरक आला की त्याचा अर्धा करावा आणि तेवढी रक्कम कागदावर कुठे आहे ते पाहावं. चाळीसचा अर्धा वीस, आणि वीसची एकच नोंद आहे. उणेची नोंद अधिक झाली तर फरक तिच्या दुप्पट पडतो, म्हणून ही युक्ती चालते. याच जातीची दुसरी खूण अशी की फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता मोठी. `187.92` चं `178.92` झालं तर फरक बरोबर नऊ रुपये. फोन अशी चूक क्वचित करतो, हाताने टाइप करणारा मात्र हमखास करतो. वीसपुढे उणे लावलं की बेरीज १८२३.०० होते, पैशांसकट.

यात एक चोरवाट आहे आणि ती बंद करायलाच हवी. काही वेळा चौकटीत दिसायला नीट `284.00` असतं, पण शीट त्याला संख्या समजत नाही, मजकूर समजते. स्तंभाला आधीच `Plain text` हे स्वरूप दिलेलं असेल तर असं होतं. गुणाकार-वजाबाकी करताना शीट अशा मजकुराचा आकडा करून घेते, त्यामुळे `G` मधली तपासणी बिनतक्रार पार पडते. `SUM` आणि `SUMIF` मात्र त्याला सरळ वगळतात, आणि तेही न सांगता. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या चौकटीत उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसेल तर खऱ्या संख्या किती आहेत ते मोजावं:

```
=COUNT(E2:E)
```

अकरा वस्तू, एक सवलत, एक पूर्णांक मिळून उत्तर तेरा यायला हवं. बारा आलं तर एक चौकट मजकूर आहे किंवा एक ओळ फोटोतून निसटली आहे. चौदा आलं तर दोन फोटोंतली सामाईक ओळ दोनदा चिकटली आहे.

आकडे जुळले, आता वर्ग. इथे आपल्याला मदत करणारी एक गोष्ट दुकानाच्या यंत्रणेतच असते. प्रत्येक दुकान वस्तूंची नावं आपल्या संगणकात एकदाच नोंदवतं आणि बिलावर तेच नाव त्याच काटछाटीने छापतं. `GNUT OIL 1L` या महिन्यात असं आलं तर पुढच्या महिन्यातही त्या दुकानातून बहुधा तसंच येणार. म्हणून `यादी` नावाचं दुसरं पान करावं. त्याच्या पहिल्या स्तंभात बिलावरचं नाव आणि दुसऱ्यात वर्ग. मग मुख्य पानावर `F2` मध्ये:

```
=IFERROR(VLOOKUP(TRIM(B2),'यादी'!A:B,2,FALSE),"ठरवा")
```

नाव यादीत सापडलं तर वर्ग आपोआप येतो, नाही सापडलं तर ‘ठरवा’ असं दिसतं. पहिल्या बिलाला सगळ्याच ओळी ‘ठरवा’ असतात आणि अर्धा तास जातो. त्याच दुकानाच्या चौथ्या-पाचव्या बिलाला दोन-तीनच नवी नावं उरतात. सूत्रातल्या `FALSE` चा अर्थ नाव तंतोतंत जुळलं पाहिजे असा आहे आणि तो बदलू नये. फोनने `DAL` चं `DAI` वाचलं तर नाव यादीत सापडणार नाही आणि ओळ ‘ठरवा’ मध्ये पडेल, म्हणजे चूक समोर येईल. अंदाजाने जवळचं नाव शोधायला सांगितलं तर डाळ भलत्याच खात्यात जाईल आणि पत्ता लागणार नाही. दुसऱ्या दुकानाची काटछाट वेगळी असल्याने त्याची नावं त्याच यादीत खाली वाढवत जायची.

वर्ग कोणते असावेत? बिलावर काही दुकानं वस्तू आधीच गटांत छापतात, पण ते गट जीएसटीच्या दराप्रमाणे असतात. ते खर्चाचे वर्ग म्हणून वापरायचा मोह होतो आणि तो टाळावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं आणि अंगाचा साबण दोन्ही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. शेंगदाणा तेल आधीपासून तिथेच आहे. कराच्या हिशेबात हे तिघे एका घरात, स्वयंपाकघराच्या हिशेबात तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. वर्ग असे करावेत की ज्यांचा आकडा वाढला तर आपण काहीतरी वेगळं करू. भाजी महाग पडली तर मंडईत जाऊ, खाऊ वाढला तर घरात बोलू, वह्या तर जूनमध्ये एकदम घेऊ. ज्या दोन वर्गांबाबत आपण कधीच वेगळा निर्णय घेणार नाही, ते एकच धरावेत. सहा-सात वर्ग एका घराला पुरतात. पंधरा केले तर प्रत्येक ओळीला विचार करावा लागतो आणि दुसऱ्या महिन्यात काम बंद पडतं.

सवलत ज्या वस्तूवर मिळाली तिच्याच वर्गात जाते. इथे कपड्यांच्या पावडरीवर आहे, म्हणून स्वच्छता. पूर्णांकाचे दोन पैसे किराण्यात टाकावेत आणि विसरावेत. आता `I2` पासून `I7` पर्यंत वर्गांची नावं लिहू: किराणा, भाजी, स्वच्छता, खाऊ, शाळा आणि सहावं ‘ठरवा’. `J2` मध्ये बेरीज, जी `J7` पर्यंत ओढायची:

```
=SUMIF($F$2:$F$14,I2,$E$2:$E$14)
```

उत्तर असं येतं. किराणा ११७२.२४, भाजी १०२.७६, स्वच्छता २५४, खाऊ ११४, शाळा १८०, ठरवा शून्य. म्हणजे १८२३ रुपयांच्या ‘किराण्यात’ साडेसहाशे रुपये किराण्याचे नव्हतेच. या बेरजांनाही एक पहारा हवा:

```
=ROUND(SUM(J2:J7)-SUM(E2:E14),2)
```

हे शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर एखाद्या ओळीचा वर्ग वरच्या सहांत बसत नाही. बहुतेक वेळा यादीत वर्ग लिहिताना ‘खाऊ’ चा ‘खाउ’ झालेला असतो किंवा शब्दामागे एक रिकामी जागा राहिलेली असते. आपल्याला ते सारखंच दिसतं, शीटला नाही. म्हणून यादीच्या दुसऱ्या स्तंभाला `Data validation` लावून वर्ग टाइप न करता निवडण्याची सोय करावी, मग ही चूक होतच नाही.

महिन्याची सगळी बिलं एकाखाली एक येऊ लागली की सूत्रांत ओळींची मर्यादा न देता पूर्ण स्तंभ घ्यावा आणि तारखेची अट घालावी:

```
=SUMIFS(E:E,F:F,I2,A:A,">="&DATE(2025,11,1),A:A,"<"&DATE(2025,12,1))
```

इथे तारखेचा एक सापळा आहे. शीटची `Locale` अमेरिकेची असेल तर बिलावरची `05/11/2025` ही तारीख ११ मे म्हणून धरली जाते आणि `13/11/2025` तर तारीखच राहत नाही, मजकूर होते. त्या ओळी नोव्हेंबरच्या बेरजेतून गुपचूप गळतात. `File` मधल्या `Settings` मध्ये जाऊन `Locale` भारताची करून ठेवली की प्रश्न सुटतो. शिवाय आता बेरीज अनेक बिलांची असल्यामुळे एका बिलाच्या एकूण रकमेशी ताडून पाहता येत नाही. प्रत्येक बिल आधी स्वतःपुरतं जुळवावं आणि मगच मोठ्या पानावर न्यावं.

ही पद्धत छापील बिलाला चालते. कोपऱ्यावरच्या वाण्याने वहीच्या चिठ्ठीवर लिहून दिलेल्या हिशेबाला ती लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या चिठ्ठीत दर नसतात, वजनं ‘पाव’ आणि ‘अर्धा’ अशी असतात, गुणाकाराची तपासणी शक्य नसते. त्यात आकडे देवनागरी असले तर ‘४’ ला इंग्रजी आठ आणि ‘१’ ला इंग्रजी नऊ समजण्याचा धोका असतोच. आठ-दहा ओळींची चिठ्ठी हाताने टाइप करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ फोनने वाचलेलं निस्तरण्यात जातो. हॉटेलच्या बिलाचंही ओळीओळीने काही करू नये. तिथे कर बहुधा पदार्थांच्या किमतीवर वेगळा लागतो, आणि सगळं जायचं असतं एकाच वर्गात, तेव्हा तळाची एकूण रक्कम एका ओळीत लिहावी.

परत केलेल्या मालाची नोंद मात्र बहुतेकजण विसरतात. चार वह्यांतली एक परत दिली आणि दुकानाने ४५ रुपये दिले, तर जुनी ओळ खोडायची नाही. परतीच्या तारखेची नवी ओळ घालायची: वस्तूचं तेच नाव, नग उणे एक, दर ४५, रक्कम उणे ४५. नाव तेच असल्याने वर्ग आपोआप ‘शाळा’ लागतो, गुणाकारही जुळतो आणि मूळ बिल फोटोशी ताडून पाहिलं तर जसंच्या तसं सापडतं. फोटोच्या फाइलला तारीख आणि एकूण रक्कम असं नाव दिलेलं असलं, म्हणजे `2025-11-05_1823` असं, की कागद उडून गेल्यावरही कोणत्या ओळी कुठून आल्या ते शोधायला वेळ लागत नाही.